सप्रेम नमस्कार, येताना स्लाइड आणू नका

आमच्या शेतकरी गटात प्रशिक्षण म्हटलं की लोक अंग चोरतात. समाजमंदिरात सतरंजी, हार, नारळ, प्रास्ताविक, मग पडद्यावर किडीचे मोठ्ठे फोटो आणि शेवटी चहा. एकदा असंच बोंडअळीवरचं भाषण नोव्हेंबरात झालं. तोवर आमच्या पऱ्हाटीत जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. मागच्या रांगेतला एक म्हातारा म्हणाला, “आता काय सांगून रायला हा? कवडी घरात येऊन पडली ना बाप्पा.”

2017 साली गुलाबी बोंडअळीनं राज्यभर कापूस खाल्ला. त्याच हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर माणसं गेली. त्यामुळे पुढच्या हंगामात गटाच्या बैठकीत अध्यक्ष म्हणून मला सांगितलं गेलं की, कीटकशास्त्रज्ञ बोलवा, पण या वेळी आपल्या अटीवर बोलवा. अटी घालायच्या म्हणजे आपल्यालाही काहीतरी ठाऊक असायला हवं. म्हणून पत्र लिहायच्या आधी आम्ही तीन वावरांतल्या कामगंध सापळ्यांचे पतंग रोज सकाळी मोजले, वहीत लिहिले, आणि मगच मी कागद घेतला. पत्र असं होतं:

“माननीय मॅडम,

स. न. वि. वि.

आपण आमच्या गटाला कपाशीच्या कीड व्यवस्थापनाचं प्रशिक्षण द्यावं, अशी विनंती आहे. गटात चोवीस सभासद आहेत. बहुतेकांची जमीन कोरडवाहू, काहींच्या विहिरी आहेत. पेरणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात झाली. कपाशी आता पात्या-फुलांवर आहे आणि काही वावरांत बारीक बोंडं धरली आहेत.

एकरी दोन सापळे लावले आहेत. एका सापळ्यात सलग तीन रात्रींचे पतंग असे: धुऱ्याजवळच्या वावरात 9, 11, 8. नाल्याकडच्या वावरात 0, 1, 0. मधल्या वावरात 3, 2, 4. आठ पतंग तीन रात्री सापडले की फवारा, असं आम्ही ऐकलं आहे. त्या हिशेबानं धुऱ्याजवळच्या वावराचा मालक पंप भरून बसला आहे. त्याला आम्ही थांबवून ठेवलं आहे. त्यामुळे उत्तर लवकर द्यावं.

आमच्या काही विनंत्या आहेत. प्रशिक्षण वावरात व्हावं, स्लाइड आणू नयेत. तारीख आमच्या सोयीची नको, पिकाच्या वयाची असावी. वेचणी करणाऱ्या बाया आणि फवारणी करणारे मजूर यांनाही बसवायचं आहे. त्यांची त्या दिवसाची रोजी गट देईल. मजुरांपैकी काहींना वाचता येत नाही, तरी डब्यावरच्या खुणा त्यांना कळल्या पाहिजेत. गेल्या वर्षी आमच्याकडे दोन औषधं आणि वर टॉनिक असं एकाच पंपात कालवून मारलं गेलं, तेही आम्ही लपवत नाही. आणि फरदडीबद्दल स्पष्ट बोलावं, कोणाला वाईट वाटलं तरी.

सत्कार ठेवलेला नाही. जेवण सभासदाच्या घरी आहे, भाकरी-झुणका.

आपला नम्र”

पत्र पोचवायला गटाचा एक पोरगा मोटारसायकलवर गेला. मॅडमचा फोन त्याच संध्याकाळी आला. आभार वगैरे काही नाही, सरळ प्रश्न. नाल्याकडच्या सापळ्यातली गोळी कधी बदलली? धुऱ्यावर काय पडलंय? पहिल्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दुसऱ्याचं होतं. गेल्या वर्षीच्या पऱ्हाट्यांची गंजी धुऱ्यावर अजून उभी होती, चुलीसाठी ठेवलेली. त्यांनी दिवसभराचं प्रशिक्षण दोन अर्ध्या दिवसांत तोडलं. पहिलं लगेच, फुलं बघायला. दुसरं पोळ्याच्या नंतर, हिरवी बोंडं फोडायला. अळी एकाच दिवशी सगळं दाखवत नाही, असं त्यांचं म्हणणं.

पहिल्या दिवशी त्या थेट धुऱ्याजवळच्या वावरात शिरल्या. डोमकळी दाखवली. अळी आत शिरली की फूल नीट उमलत नाही, पाकळ्या टोकाशी चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या गुंडाळलेल्या राहतात. शंभर फुलं तपासा म्हणाल्या. चार सापडली. वेचणीच्या बायांना ती पुरुषांपेक्षा आधी दिसली, कारण झाडाच्या पोटात हात घालायची त्यांना सवय. शंभरात दहा असती तर गोष्ट वेगळी होती. सापळा मात्र नऊ-अकरा पतंग दाखवत होता. मॅडमनी गंजीकडे बोट केलं. शेवटच्या पिढीच्या अळ्या वाळक्या बोंडांत, सरकीत झोपून राहतात आणि पुढच्या हंगामात पतंग होऊन बाहेर पडतात. सापळ्यात फक्त नर येतात, आणि ते जवळच्या गंजीतून येत असतील तर आकडा फुगतो. म्हणून सापळ्यानं घंटा वाजवली की आधी फुलं आणि बोंडं बघायची, मगच पंप. तोवर पाच टक्क्यांचा निंबोळी अर्क मारायचा, म्हणजे शंभर लिटर पाण्याला पाच किलो निंबोळ्यांचा अर्क. गंजीचं काय, हा वाद मालकिणीशी झाला. तिला चुलीला काड्या हव्या होत्या. मग ठरलं की काड्या राहू द्यायच्या, त्यांवरची वाळकी बोंडं तेवढी तोडून जाळायची. उशीर झालाय, बरेच पतंग उडून गेले असतील, हेही मॅडमनी सांगितलं. हे काम खरं उन्हाळ्यातलं.

दुसऱ्या अर्ध्या दिवशी आम्ही बोंडं फोडली. एकरात तिरपं चालायचं, वीस झाडांवरून एकेक बोंड घ्यायचं, दहा-पंधरा दिवसांचं, अंगठ्यानं दाबलं तर दबेल असं. जुनं टणक बोंड घेतलं की नुसती मेहनत. वरून प्रत्येक बोंड निरोगीच दिसतं. अंड्यातून निघालेली अळी थोड्या वेळात आत शिरते आणि तिनं पाडलेलं भोक बोंड वाढताना बुजून जातं. एकदा ती आत गेली की वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. गेल्या वर्षी एकापाठोपाठ एक फवारे मारूनही कवडी का आली, हे तिथं कळलं. आम्ही पतंग आणि अंड्यांच्या वेळेवर मारत नव्हतो. बोंड सडलेलं दिसलं की मारत होतो.

बियाण्यात बीटी असताना ही अळी कशी, असं एकानं विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की अमेरिकन बोंडअळीवर बीटीचा धाक अजून आहे, पण गुलाबी अळी ते विष पचवायला शिकली. तेव्हा नॉन-बीटीची सीमा-ओळ लावायची असायची, तिथं बीटीला न सरावलेली अळी वाढते आणि सरावलेलीशी जोडी होते. ती पुडी आम्ही कित्येकांनी बांधावर फेकून दिलेली. यावर कोणी काही बोललं नाही.

धुऱ्याजवळच्या वावरात वीसपैकी एका बोंडात जिवंत अळी निघाली, पांढुरकी, अजून गुलाबीही न झालेली. पाच टक्के. रासायनिक फवारणी नको, आठवड्यानं परत बघा. नाल्याकडच्या वावराचा मालक तर येणारच नव्हता, त्याच्या सापळ्यात 0, 1, 0 होतं ना! मॅडमनी त्याचीही वीस बोंडं फोडायला लावली. तीन बोंडांत जिवंत अळी. पंधरा टक्के, म्हणजे दहाची पातळी ओलांडलेली. त्यानं जुलैत लावलेली गोळी बदललीच नव्हती. गोळीचा वास साधारण तीन-चार आठवड्यांत उतरतो, पतंग सापळ्याकडे फिरकत नाही आणि माणूस निश्चिंत होतो. एकच औषध, एकदा, आणि संध्याकाळच्या बाजूला, असं त्याला सांगितलं. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आत्ता मारलंस तर पांढरी माशी उसळेल, असंही बजावलं.

मग मजुरांचा अर्धा तास. डब्यावरच्या त्रिकोणाचे रंग: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. अक्षर न येणाऱ्यालाही रंग कळतो. वारा पाठीमागून घ्यायचा, दोन औषधं कालवायची नाहीत, आणि कोणी पडला तर दवाखान्यात डबा सोबत न्यायचा, कारण त्यावर उपाय लिहिलेला असतो. एका मजुरानं विचारलं, “डबा मालकाकडं असते मॅडम, आमच्याकडं तं कालवलेली बकेट येते.” हा प्रश्न आमच्यापैकी कोणाच्या पत्रात आला नसता. गटात ठराव झाला की डबा वावरातच ठेवायचा आणि औषध मजुरासमोर मोजायचं.

राहिली फरदड. कोरडवाहूवाल्यांना डिसेंबरात पऱ्हाटी उपटायला जड जात नाही, त्यांच्याकडे पाणीच नसतं. विहीरवाले मात्र फेब्रुवारीपर्यंत दोन वेचण्या जास्त काढतात, आणि अळीला तेवढे महिने जेवण मिळतं. मॅडमनी पत्रातल्या अटीप्रमाणे स्पष्ट सांगितलं. एक विहीरवाला उठून निघून गेला. बाकीच्यांनी फरदडीचं गणित मांडून दाखवा म्हटलं: फरदडीचा कापूस कमी दर्जाचा, भाव कमी, वेचणीची मजुरी तीच, आणि त्याच पाण्यावर हरभरा येऊ शकतो. गणित पटणारं होतं, पण एका बैठकीत कोणी हो म्हणत नाही. त्या हंगामात दोघांनी उपटली, बाकीच्यांनी ठेवली.

पुढच्या पत्रात मी तारीख नोव्हेंबरातली मागितली, हरभऱ्याचं बियाणं घ्यायच्या आधीची, आणि जागा त्या उठून गेलेल्या माणसाच्या विहिरीवरची.