बेरीज सारखी, जोडी नाही

इतवारीत दुकानांची शटर्स वर जायच्या आधी, पहाटे साडेपाचला आमचा बॅडमिंटन क्लब सुरू होतो. आम्ही सोळा जण. एक जण विद्यापीठाकडून खेळलेला, तर किराण्याच्या ठोक व्यापारातल्या एका काकांनी पन्नाशीनंतर रॅकेट हातात घेतलेली. वर्षातून एकदा डबल्सची स्पर्धा होते. पूर्वी जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरायच्या. दोन तगडे एकत्र आले की फायनल खेळायची गरजच नसायची. म्हणून रेटिंग आलं.

पद्धत बुद्धिबळातली, आर्पाद एलो यांची. अपेक्षेपेक्षा चांगला निकाल आला की गुण वाढतात. ४०० गुणांचा फरक असला तर वरचा खेळाडू अकरापैकी साधारण दहा वेळा जिंकावा, असं हे माप.

मग सोपं वाटतं: पहिल्यासोबत सोळावा, दुसऱ्यासोबत पंधरावा. विद्यापीठवाला १७००, काका ९००, बेरीज २६००. मधले दोघं १३५० आणि १२५०, बेरीज तीच. पण कोर्टवर पहिली जोडी हरत राहते, कारण समोरचे प्रत्येक शटल काकांकडेच मारतात. सर्व्हिस कोणी घ्यायची हेही नियमाने ठरतं, त्यामुळे काकांना झाकता येत नाही. "मले टार्गेट करून राहिले ना भाऊ," काका हसत म्हणायचे, पण स्पर्धेत नाव द्यायला त्यांचा हात मागेच असायचा.

वहीतल्या जुन्या निकालांवर वेगवेगळी वजनं लावून पाहिली. कच्च्या खेळाडूला ६० टक्के आणि पक्क्याला ४० टक्के धरलं, तेव्हा अंदाज सगळ्यात जवळ आले. आता काकांची जोडी १२२० आणि मधली १२९०. सत्तरचा फरक, म्हणजे काकांना जिंकायची संधी ४० टक्के.

जोड्या बदलूनही हे सुटत नाही. काकांना १७०० पेक्षा तगडा जोडीदार क्लबात नाहीच. उरलेलं अंतर गुणांनी भरायचं. २१ गुणांच्या एका गेममध्ये ४०-६० चा सामना म्हणजे सरासरी दीड-दोन गुणांचा फरक, म्हणून काकांची जोडी २-० ने सुरू करते. पाच दिले तर उलटा अन्याय होईल.

चिठ्ठी मात्र काढून टाकली नाही. ज्यांच्या रेटिंगमध्ये पन्नासच्या आत फरक आहे, त्यांची अदलाबदल चिठ्ठीनेच होते. नाहीतर स्पर्धेआधी मुद्दाम दोन सामने हरून चांगला जोडीदार मिळवणारे निघतातच. कोणाचं रेटिंग नेमकं स्पर्धेआधीच्या पंधरवड्यात घसरलं, हे वहीत दिसतं. म्हणून यादी महिनाभर आधी गोठवतो.

वजन बरोबर आहे का, हे कोण जिंकलं यावरून कळत नाही, सामने फार थोडे असतात. आम्ही गुणांचा फरक बघतो. एकच प्रकारची जोडी सतत सात-आठने हरत असेल, तर वजन चुकलं. यंदा काकांची जोडी साखळीतले तीनपैकी दोन सामने हरली, १९-२१ आणि १८-२१. नाव त्यांनी स्वतःहून दिलं होतं.