रोज की आठवड्यातून तीनदा?

सह्याद्रीतल्या रानफुलांचं एक इन्स्टाग्राम पान मी चालवते. फुलाचा फोटो किंवा छोटं रील, त्याचं गावातलं नाव, ते कुठल्या जमिनीत उगवतं याच्या चार ओळी, एवढाच मजकूर. आठवड्याला तीन पोस्ट ठरलेल्या. मे-जूनमध्ये पान अगदी थंड पडलं, तेव्हा पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये असलेली माझी भाची म्हणाली, "मावशी, रोज टाक. आठवड्यातून तीनदा म्हणजे लोक तुला विसरतात." जुलैपासून मी रोज टाकायला लागले आणि सप्टेंबरअखेर नवे फॉलोअर येण्याचा वेग दुपटीच्या पुढे गेला. भाचीने अभिनंदनाचा मेसेज पाठवला. मला मात्र ते पटेना, कारण ऑगस्टच्या शेवटापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत कास पठार फुलतं. तेरडा, गेंद, सीतेची आसवं यांचे फोटो त्या दिवसांत अर्धा महाराष्ट्र शोधत असतो. मी आठवड्याला एकच पोस्ट टाकली असती तरी फॉलोअर वाढलेच असते.

दुसरी गोष्ट कमी दिसते, पण तितकीच फसवी आहे. बदल करावा असं आपल्याला वाटतं ते पान सगळ्यात खाली गेलेलं असताना. चढ-उतार होणारी कुठलीही गोष्ट तळाला असताना तुम्ही काहीही केलंत, तरी पुढच्या महिन्यांत ती बहुधा वर येणारच. म्हणून 'आधी आणि नंतर' अशी तुलना बदलाच्या बाजूनेच झुकलेली असते. माझ्या बाबतीत तर तळ आणि हंगाम दोन्ही एकाच दिशेने ढकलत होते.

मग खरं कसं कळावं? एकाच पानावर एकाच वेळी रोजही टाकायचं आणि तीनदाही टाकायचं, हे शक्य नाही. पण आठवडे आलटून-पालटून घेता येतात. जानेवारी ते मार्च हा माझ्या विषयाचा त्यातल्या त्यात शांत काळ. त्यातले लागोपाठचे बारा आठवडे घेतले आणि दोन-दोनच्या सहा जोड्या केल्या. जोडीतला एक आठवडा रोजचा, म्हणजे सात पोस्टचा, आणि दुसरा तीन पोस्टचा. शेजारचे दोन आठवडे हवामान, सुट्ट्या आणि लोकांच्या मूडच्या बाबतीत साधारण सारखे असतात. त्यामुळे तुलना जोडीच्या आतच करायची. जानेवारीची मार्चशी नाही.

जोडीत आधी कुठला आठवडा यायचा, ते नाण्यावर सोडलं. इथे स्वतःवर विश्वास ठेवायचा नाही, असं मी ठरवलं होतं. नाहीतर लाँग वीकेंडच्या आधीचा आठवडा रोजचा करावा, असं मन हळूच सुचवतं. सहाही छापा-काटे पहिल्याच दिवशी उडवले, वहीत लिहिले आणि त्या पानाचा फोटो भाचीला पाठवला, म्हणजे नंतर फिरवाफिरवी नको.

पोस्टचा दर्जा हीही एक अडचण होती. रोज टाकायचं म्हटलं की चौथ्या दिवशी कसातरी फोटो जातो, आणि मग आपण नक्की काय मोजतोय, तेच कळत नाही. मी आधीच साठ पोस्ट तयार केल्या (सहा आठवड्यांच्या बेचाळीस आणि सहा आठवड्यांच्या अठरा). त्या पत्त्यांसारख्या पिसल्या आणि आल्या त्या क्रमाने शेड्यूल केल्या. चांगले फोटो एकाच बाजूला जमायला नकोत, एवढाच हेतू. याची किंमत अशी, की माझी चाचणी फक्त 'दर्जा तोच ठेवून जास्त वेळा टाकलं तर' याच प्रश्नाचं उत्तर देणार होती. वर्षभर रोज टाकताना दर्जा टिकेल का, हा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर मला गुडघ्यांनी आधीच दिलं आहे.

रविवारी टाकलेलं रील मंगळवारीही फॉलोअर आणत राहतं. म्हणजे रोजच्या आठवड्याचं फळ पुढच्या तीनच्या आठवड्याच्या खात्यात जमा होतं आणि दोन्हींमधला फरक पुसट होतो. म्हणून सोमवार-मंगळवार मी मोजणीतून वगळले; बुधवार ते रविवार असे पाचच दिवस धरले. काही रील पंधरा-पंधरा दिवस चालतात, त्यामुळे गळती पूर्ण बंद झाली असं म्हणता येणार नाही. पण पहिल्या दोन दिवसांचा मोठा लोंढा तरी बाजूला पडला. आकडे इनसाइट्समधून दर रविवारी रात्री वहीत उतरवायचे: नवे किती आले, किती सोडून गेले आणि निव्वळ किती वाढले.

सुरू करण्याआधी आणखी एक ओळ लिहिली होती, आणि माझ्या मते तीच सगळ्यात उपयोगाची ठरली. 'निर्णय निव्वळ वाढीवर. सहा जोड्यांतले फरक चढत्या क्रमाने लावून मधला फरक बघायचा. तो आठ किंवा जास्त असेल तरच रोज.' आठ हा आकडा कष्टातून आला. चार जादा पोस्टना मला आठवड्याचे चार-पाच तास लागतात आणि तेवढ्या वेळाचं एवढं तरी मोल मिळावं, ही माझी अट. सरासरीऐवजी मधला फरक घेतला, कारण एखादं रील अचानक धावतं आणि सरासरीला आपल्यासोबत ओढून नेतं.

तसंच झालं. पहिल्या तीन जोड्यांत रोजच्या आठवड्यात अनुक्रमे सहा जास्त, चार कमी आणि तीन जास्त अशी निव्वळ वाढ होती. चौथ्या जोडीत, फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, पिसलेल्या गठ्ठ्यातून गेल्या वर्षीच्या पळसाचं रील वर आलं. ट्रेकिंगच्या एका मोठ्या पानाने ते शेअर केलं आणि त्या पाच दिवसांत माझे ८८ फॉलोअर वाढले. तीनच्या आठवड्यात वाढले होते ३०. फरक ५८. भाचीचा लगेच फोन आला, "मावशी, बास झालं आता. सिद्ध झालं." तोवरची बेरीज रोजची १७७ आणि तीनची ११४, म्हणजे ५५ टक्के जास्त. आकडा मनासारखा आला की थांबायचं, हा फसण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. वहीत बारा आठवडे लिहिले होते, म्हणून बारा पूर्ण केले. पाचव्या जोडीत रोजचा आठवडा सातने मागे पडला, सहाव्यात दोनने पुढे गेला.

शेवटची बेरीज रोजच्या आठवड्यांची २३२, तीनच्या १७४. 'रोज पोस्ट केल्याने वाढ ३३ टक्के जास्त' असं यावरून कुणीही छापलं असतं आणि त्यातला एकही आकडा खोटा नसता. पण फरक ओळीने लावले तर उणे सात, उणे चार, दोन, तीन, सहा, अठ्ठावन्न. मधोमध येतो अडीच. माझ्या आठच्या अटीपासून बराच लांब. पळसाची जोडी काढली तर उरलेल्या पाच फरकांची बेरीज बरोबर शून्य होते.

भाचीचा आक्षेप मात्र हलका नव्हता. तिचं म्हणणं, "ते रील रोजच्या आठवड्यातच आलं ना? जास्त टाकलंस म्हणूनच लागलं. मग ते वगळायचं कशाला?" मुद्दा रास्त आहे. जास्त पोस्ट म्हणजे एखादी धावण्याची शक्यता जास्त. म्हणून तिच्या समाधानासाठी पळस न वगळता, संपूर्ण बेरजेवरच एक हिशोब केला.

रोनाल्ड फिशर या ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञाने १९३५ साली 'द डिझाइन ऑफ एक्सपेरिमेंट्स' या पुस्तकात चहाच्या आठ कपांचं उदाहरण दिलं. एका बाईंचा दावा होता, की कपात दूध आधी घातलं की चहा, हे त्या चवीवरून ओळखतात. फिशरने विचारलं ते एवढंच: काहीच कळत नसताना नुसत्या अंदाजाने एवढं बरोबर येण्याची शक्यता किती? माझ्याकडे सहा नाणी होती. प्रत्येक नाणं दोन प्रकारे पडू शकतं, म्हणजे एकूण ६४ मांडण्या. रोज टाकल्याने काहीच होत नसेल, तर त्या-त्या आठवड्याची वाढ तीच राहिली असती; फक्त 'रोज' आणि 'तीन' ही लेबलं उलटसुलट पडली असती. मी चौसष्टही मांडण्या कागदावर काढल्या आणि प्रत्येकीत रोजची आघाडी किती होते ते पाहिलं. ५८ किंवा त्याहून जास्त आघाडी १७ मांडण्यांत येते. म्हणजे रोजचा काडीचाही परिणाम नसताना नुसत्या नाण्याच्या कृपेने एवढं यश चारात एकदा तरी मिळालंच असतं. पळसाचं रील कुठल्या लेबलाखाली पडलं, एवढ्यावर सगळा खेळ होता. रोज टाकल्याने रील जास्त वेळा धावतात का, हे बघायचं तर अशी अनेक रील धावावी लागतील, आणि त्याला बारा आठवडे पुरत नाहीत. हे भाचीने मान्य केलं, जरा कुरकुरत.

याचा अर्थ रोज टाकल्याने काहीच होत नाही, असाही नाही. माझे आठवडे आपसूकच चार-सात इकडेतिकडे होतात. रोजमुळे आठवड्याला दोन-तीन फॉलोअर खरोखर जास्त मिळत असते, तर या चाचणीत ते मला दिसलेच नसते. मोठा, पैसे वसूल करणारा फायदा दिसला नाही, एवढंच मी म्हणू शकते.

एक रकाना मात्र वेगळाच निघाला. सोडून जाणारे रोजच्या आठवड्यांत एकूण ६७, तीनच्या आठवड्यांत ४१. आणि हा फरक एखाद्या उसळीमुळे आलेला नाही. सहाच्या सहा जोड्यांत रोजच्या आठवड्यात जास्त लोक गेले, दर जोडीत तीन ते सहा. असं सगळं एकाच बाजूला पडणं ६४ मांडण्यांपैकी एकीतच होतं, उलट बाजूही धरली तर दोहोंत. मोह होतो, की हाच निकाल म्हणून सांगावा. पण माझी वहीतली ओळ निव्वळ वाढीबद्दल होती. सेव्ह, शेअर, प्रोफाइलला भेटी हे रकानेही मी नंतर चाळले होते, आणि पुरेसे रकाने चाळले की त्यातला एखादा योगायोगानेही चमकतोच. म्हणून सोडून जाणाऱ्यांची गोष्ट मी संशय म्हणून ठेवली आहे, निष्कर्ष म्हणून नाही.

सध्या आठवड्याला तीनच पोस्ट जातात. येत्या जानेवारीत पुन्हा सहा नाणी उडवणार आहे, आणि या वेळी वहीत आधीच लिहिलं आहे: मोजायचे ते फक्त अनफॉलो.