नाही फावत

सुरतजवळच्या सचिन जीआयडीसीत मी एका प्रोसेस हाऊसमध्ये ग्रे खात्याचा हिशेब बघतो. तिथे दिवसातून चार-पाच वेळा तरी कानावर पडतं, ‘नहि फावे’. दलाल येतो, भाव सांगतो. शेठ टाक्याच्या किनारीवरून बोट फिरवत सगळं ऐकून घेतात आणि म्हणतात, ‘मने नहि फावे.’ कारण नाही, आवाज चढवणं नाही. लगेच चहा मागवतात. दलालही ‘का’ म्हणून विचारत नाही. चहा पितो आणि दुसऱ्या दिवशी नवा भाव घेऊन येतो. हा शब्द आपल्याकडेही आहे, पण आपण तो फावल्या वेळात आणि चोरांचं फावण्यातच खर्चून टाकला. नाही म्हणायला काही उरला नाही.

म्हणून आपण म्हणतो, ‘बघतो’. किंवा ‘सध्या जरा ओढाताण आहे’.

या ‘सध्या’ने माझा एक चुलतभाऊ घालवला. त्याने चाळीस हजार मागितले तेव्हा मी म्हणालो, सध्या नाहीत. त्याने सरळ विचारलं, ‘मग दिवाळीनंतर?’ यात त्याची काही चूक नव्हती. ‘सध्या’ म्हणणाऱ्याने तारीख द्यायची तेवढी बाकी ठेवलेली असते. दिवाळीनंतर द्यावे लागले. ते परत आले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत. पुढे एकदा उधना स्टेशनवर भुसावळ पॅसेंजरला तो समोरून येताना दिसला. मला बघितलं, खिशातला फोन काढून कानाला लावला आणि दोन डबे पुढे जाऊन चढला. फोन वाजला नव्हता. तेव्हाच ठरवलं, नात्यात उसने द्यायचे नाहीत. हे ठरवलं म्हणजे घ्यायचेही नाहीत हे आलंच. आईच्या ऑपरेशनला तीन बहिणींपैकी कुणाकडेही शब्द टाकला नाही, बायकोची पोत गहाण ठेवली. अकरा महिने व्याज भरून सोडवली.

आणि मग एका शुक्रवारी संध्याकाळी दाजींचा फोन आला. दाजी म्हणजे मोठ्या ताईचे यजमान. अमळनेरच्या पुढे त्यांचं गाव, पाच एकर कोरडवाहू. आधी पावसाचं झालं, मग गाय गाभण असल्याचं, मग माझ्या मुलाच्या बारावीचं. चौथ्या वळणावर मुद्दा आला : जुना पिकअप बघितलाय, साडेचार लाखांचा. अडीच फायनान्सवाला देतो, वरचे दोन तू दे. वर्षात फेडतो.

दाजींना नाही म्हणणं आणि चुलतभावाला नाही म्हणणं यात फरक आहे. दाजींचे पाय आम्ही लग्नात धुतलेले. नकार दिला की तो ताईच्या ताटात वाढला जातो. मी म्हणालो, ‘दाजी, हे फोनवर बोलायचं नाही. रविवारी येतो. पण पैसे घेऊन येतोय असं मनात धरू नका.’ हे शेवटचं वाक्य म्हणताना जीभ अडखळली, पण ते म्हटलं नसतं तर दोन दिवसांत पिकअपचा इसार गेला असता.

गाडीत मी कारणं जमवत बसलो. घराचा हप्ता, मुलाची फी. एक तर अगदी तयार कारण होतं : वीस हजार किंवा त्यावर रोख कर्ज घेता येत नाही, आयकराचा कायदा आहे. कायदा खरा आहे. पण दाजी म्हणाले असते, मग खात्यावर टाक. प्रत्येक कारणाचं असंच. कारण दिलं की समोरचा ते सोडवायला बसतो, आणि त्यात त्याचा हेतू चांगलाच असतो. शेवटी मी एकही कारण बरोबर नेलं नाही.

ताईसमोर विषय काढायचा नाही, एवढं ठरवलं होतं. चहा झाल्यावर दाजीच मला मागच्या खोलीत घेऊन गेले. खोलीभर कापूस. खिडकीच्या चौकटीपर्यंत आलेला. दाराशी उभं राहिलं तरी अंगाला खाज सुटते. भाव वाढेल म्हणून ठेवलाय, पंचवीसेक क्विंटल, ते म्हणाले.

मी म्हणालो, ‘दाजी, मी नात्यात उसने देत नाही आणि घेतही नाही. दोन लाख मी देणार नाही.’

‘सध्या अडचण आहे का?’

बघा, दार त्यांनीच उघडून दिलं होतं. हो म्हटलं असतं तर दोघांचीही सुटका होती, निदान आखाजीपर्यंत. ‘अडचण नाही,’ मी म्हणालो. ‘पैसे आहेत. पण देणार नाही.’

ते कापसाकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘पन्नास तरी?’ पन्नासही नाही म्हणालो. अर्धे दिले की नियम मोडतो आणि पिकअपही येत नाही. मग त्यांनी शेवटचं काढलं : ‘बरं, पतपेढीत जामीन तरी राहा.’ यात पुष्कळ जण फसतात. पैसे खिशातून जात नाहीत, नुसती सही, असं वाटतं. पण 1872च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच धरली आहे. हप्ते थकले की पतपेढी आधी दाजींच्या मागे लागेल आणि मग माझ्याकडे येईल असं काही नाही. ती थेट माझ्याकडे येऊ शकते. जामीन म्हणजे उसनेच, फक्त उशिरा द्यायचे. मी तेही नाकारलं.

आईच्या ऑपरेशनचं आणि पोतीचं माझ्या ओठांवर आलं होतं. बोललो नाही. बोललो असतो तर तो टोमणा झाला असता, आणि दाजींना ते ठाऊक होतंच.

नंतरचा भाग मला जास्त जड गेला. परतीची गाडी चारला होती. ती धरून निघून जावं असं फार वाटलं. मी मुक्काम केला. रात्री दाजींनी कागद-पेन्सिल काढून डिझेल, ड्रायव्हर, हप्ता असा हिशेब मांडला आणि मी आकडे तपासले. ती माझी रोजचीच कामं. अर्धा कापूस विकला तरी किती उभे राहतात तेही काढलं. विका असं मी म्हणालो नाही.

ताई त्या दिवशी कामापुरतंच बोलली. दरवेळी निघताना ती कळण्याच्या पिठाची पिशवी देते, नको म्हटलं तरी देते. अमळनेर स्टेशनवर पोहोचल्यावर लक्षात आलं, हात मोकळे आहेत.

गुरुवारी मी फोन केला. पैशाचं काही नाही, गाय व्याली का एवढंच. दाजी म्हणाले, ‘अजून नाही,’ आणि ठेवला. पुढच्या गुरुवारी पुन्हा केला. कालवड झाली होती. त्यावर ते चार मिनिटं बोलले.

आखाजीला ताई माहेरी आली, दाजी सोडायला आले. मीही सचिनहून गेलो होतो. खापरावरचे मांडे आणि आमरस झाल्यावर दाजी ओट्यावर टेकले आणि सगळ्यांच्या देखत म्हणाले, ‘पाव्हणे, तुमची नाही मला साडेबारा हजारांना पडली. मी सगळा कापूस विकला, आणि महिन्यात क्विंटलमागे पाचशे वाढले.’

‘आणि पिकअप?’

‘पिकअप दुसऱ्यानेच नेला. त्याचं इंजिन बसलं म्हणतात.’

ताई आतून ओरडली, ‘तुझी पिशवी दाराशी ठेवली आहे, विसरू नको.’