एकशेऐंशीचे एकशेवीस

ताईंच्या पगारातून अर्ध्या दिवसाचे पैसे कापले गेले. ते मालकांनी नंतर परत दिले, पण "कॉम्प्युटर खोटं बोलत नाही" हे वाक्य त्या दिवशी मी बोललो होतो. ते कुठे परत घेणार?

धाटावच्या एमआयडीसीतल्या रासायनिक कारखान्यांना रिकामे ड्रम पुरवणाऱ्या एका व्यापाऱ्याचं ऑर्डरचं सॉफ्टवेअर मी लिहिलं होतं. ऑफिसात ताई, मागच्या गोदामात डिस्पॅच बघणारे दादा. दोघांसमोर एकच ऑर्डर उघडायची, त्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

ऑर्डर नंबर १४१७, दोनशे लिटरचे १२० ड्रम. ताईंनी ती सव्वाअकराच्या थोडं आधी उघडली, कारण गिऱ्हाइकाचा फोन आला होता, १८० करा म्हणून. दादांनीही तीच ऑर्डर त्याच सुमारास उघडली, त्यांना फक्त गाडीचा नंबर भरायचा होता. ताईंनी ११.१५ ला १८० सेव्ह केले. दादा मध्ये ड्रायव्हरशी बोलायला गेले, परत येऊन नंबर भरला आणि ११.२२ ला सेव्ह केलं. त्यांच्या पडद्यावर मात्र जुनेच १२० होते. माझा प्रोग्राम बदललेला रकाना नव्हे, अख्खा फॉर्म लिहायचा. १८० पुसले गेले. कुठे चूक दाखवली नाही, की कुठे लाल अक्षर उमटलं नाही. गाडी १२० घेऊन गेली आणि पलीकडे भरायला ६० ड्रम कमी पडले.

ताई म्हणाल्या, मी बदललं होतं. मी टेबल उघडून पाहिलं: संख्या १२०, शेवटचा बदल दादांचा. म्हणजे ताईंनी केलाच नाही, असा निकाल मी सगळ्यांसमोर देऊन टाकला. शेवटचा बदल कोणाचा एवढंच मी साठवत होतो, आधीचा कोणाचा ते नाही. आपण पुरावाच ठेवला नव्हता, हे मला सुचलंही नाही. ताईंनी त्यांची वही आणली. तिच्यात पेनाने लिहिलं होतं: "१४१७, १८० केले, ११.१५." वहीवर कोणी विश्वास ठेवला नाही. मीही नाही.

रात्री दोन ब्राउझर शेजारी ठेवून तेच करून पाहिलं, तेव्हा माझ्या डोळ्यांदेखत १८० गेले. डेटाबेस लॉक लावतोच ना, असा माझा समज होता. लावतो, पण सेव्हच्या त्या क्षणापुरता. फॉर्म उघडल्यापासून सेव्ह दाबेपर्यंतची सात-आठ मिनिटं कोणाच्याच ताब्यात नसतात. उघडतानाच ऑर्डर कुलूपबंद करावी, तर दादा फॉर्म तसाच ठेवून जेवायला गेले की ताई बसल्या खोळंबून.

म्हणून ऑर्डरच्या टेबलात version नावाचा रकाना घातला. फॉर्म उघडताना त्यातला आकडा सोबत न्यायचा आणि सेव्ह करताना तोच अजून आहे का, हे विचारायचं:

```sql
UPDATE orders
SET qty = 120, vehicle_no = ?, version = 8
WHERE id = 1417 AND version = 7;
```

ताईंच्या सेव्हने ७ चे ८ केलेले असतात, त्यामुळे दादांच्या या आज्ञेला ७ सापडतच नाही. किती ओळी बदलल्या, याचं उत्तर शून्य येतं. हे शून्य तपासलं नाही, तर सगळं फुकट. डेटाबेसला ती चूक वाटत नाही. या पद्धतीला ऑप्टिमिस्टिक लॉकिंग म्हणतात. कुंग आणि रॉबिन्सन यांचा यावरचा निबंध १९८१ चा आहे, म्हणजे मी नवीन काही शोधलं नव्हतं.

तरी पहिल्या दिवशी मी माती खाल्लीच. version फॉर्मसोबत न पाठवता सेव्हच्या क्षणी डेटाबेसमधून पुन्हा वाचला. तो नेहमी जुळणारच! दोन ब्राउझरची चाचणी पुन्हा केली म्हणून कळलं. शिवाय मालाच्या ओळी वेगळ्या टेबलात होत्या. ओळ बदलली तरी मूळ ऑर्डरचा version वाढवायला हवा, तेही राहिलं होतं.

मग वाटलं, बदललेलाच रकाना लिहिला असता तर हे झंझटच नको होतं. १८० ही राहिले असते आणि गाडीचा नंबरही. दादा हसले. म्हणाले, "ती गाडी एकशेवीसचीच होती. एकशेऐंशी तिच्यात बसतात कुठे?" रकाने वेगळे असले तरी निर्णय एकच होता. म्हणून आपोआप जुळवणी मी केली नाही. आता दादांना पडद्यावर दिसतं की ताईंनी ११.१५ ला १२० चे १८० केले, आणि त्यांनी स्वतः भरलेलं खाली तसंच राहतं. पहिल्यांदा मी नुसतं "पुन्हा प्रयत्न करा" दाखवलं होतं, तेव्हा त्यांचं टाइप केलेलं उडायचं आणि ते मला शिव्या द्यायचे. बरोबरच होतं.

आता तो संदेश आला की दादा गोदामातून ऑफिसात फोन लावतात. ताईंना मी एकदा म्हटलं, आता प्रत्येक बदल कोणाचा, कधीचा हे साठवतो, वही लिहायची गरज नाही. संध्याकाळी रोह्याची मिनीडोर पकडायची घाई होती त्यांना. "असू दे," म्हणाल्या, आणि दिवसाची शेवटची नोंद वहीत लिहूनच निघाल्या.