शहाण्णव महिन्यांची वर्गणी, साठ महिन्यांचा परतावा

जपानमधील वास्तव्य संपवून परतणाऱ्या भारतीयास निवृत्तिवेतनाच्या वर्गणीचा परतावा मिळतो, परंतु त्यास कमाल मर्यादा असल्यामुळे अधिक वर्षे वर्गणी भरणाऱ्याचेच नुकसान होते, ही गोष्ट प्रस्तुत लेखकास आजही खटकते. तोक्योच्या एदोगावा प्रभागातून २०२२ साली पनवेलजवळील कोन येथे परतताना प्रभाग कार्यालयातील स्थलांतराची नोंद आणि विमानतळावर निवासपत्र रद्द करून घेणे हे सोपस्कार विनासायास उरकले. पेच पडला तो वर्गणीचा.

जपानच्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेत वेतनाच्या १८.३ टक्के वर्गणी जमा होते, व तिचा निम्मा भाग कर्मचाऱ्याच्या पगारातून कापला जातो. दहा वर्षांहून कमी काळ वर्गणी भरून देश सोडणाऱ्या परकीयास दोन वर्षांच्या आत एकरकमी परतावा मागता येतो. मात्र त्यासाठी जास्तीत जास्त ६० महिनेच धरले जात, आणि एप्रिल २०२१ पूर्वी तर ३६च. लेखकाची वर्गणी ९६ महिन्यांची होती. बोनस धरून सरासरी मासिक वेतन ४ लाख येन मानल्यास परतावा त्याच्या साडेपाच पट, म्हणजे २२ लाख येन होतो, त्यातून प्रथम २०.४२ टक्के कर कापला जातो, आणि तो परत मागण्यासाठी जपानमध्ये करप्रतिनिधी नेमावा लागतो. उरलेल्या ३६ महिन्यांत पगारातून गेलेल्या सुमारे १३ लाख येनांचे काहीच मिळत नाही, शिवाय परतावा घेताच सर्वच्या सर्व ९६ महिने नोंदीतून पुसले जातात. मालकाच्या हिश्श्याची तर गोष्टच नको.

दुसरा मार्ग भारत-जपान सामाजिक सुरक्षा कराराने १ ऑक्टोबर २०१६ पासून खुला केला. या करारान्वये दोन्ही देशांतील वर्गणीचा काळ पात्रतेपुरता एकत्र मोजला जातो, त्यामुळे जपानला जाण्यापूर्वीची येथील तीन वर्षांची नोकरी मिळवून लेखकाची दहा वर्षांची अट पूर्ण होत होती. जपान मात्र निवृत्तिवेतन स्वतःकडील ९६ महिन्यांपुरतेच देतो. २०२२च्या दरांनी ते ६५व्या वर्षापासून वार्षिक सुमारे ३ लाख ६६ हजार येन भरते. म्हणजे २२ लाखांचा परतावा जेमतेम सहा वर्षांच्या निवृत्तिवेतनाइतका ठरतो.

घरच्यांचा कौल एकरकमी पैशाच्या बाजूने होता, आणि जमिनीच्या मोबदल्याचे व्यवहार डोळ्यांदेखत पाहिलेल्या पनवेल तालुक्यात तसे वाटणे स्वाभाविकच म्हणावे लागेल. लेखकाने मुदत जाऊ दिली. पुढे येनचा भाव घसरत गेला, तेव्हा हा निर्णय शहाणपणाचा होता असे ठामपणे म्हणवत नाही. कारण निवृत्तिवेतनाचा हिशेबही येनमध्येच होतो.

तथापि हा पर्याय शिल्लक राहिला तो एका कागदामुळे. भारतातील नोकरी सोडताना तेथील लिपिकाने पेन्शनची रक्कम काढून घेण्याचा आग्रह धरला होता, परंतु ती काढल्यास तो सेवाकाळ पुढे मोजणीस उरत नाही. परदेशी जाणाऱ्याने १०-सी अर्जावर पैसे न मागता योजना प्रमाणपत्र मागावे.