एका धबधब्याची दोन नावे

शरावती नदी सुमारे 253 मीटर खोल दरीत जेथे झेप घेते, ते स्थळ आज ‘जोग’ या नावाने सर्वपरिचित आहे. जुन्या इंग्रजी ग्रंथांत मात्र हाच प्रपात ‘गेरसप्पा’ म्हणून आढळतो. पाणी एकच, मग नावे दोन कशी?

नाव बहुधा पाहणाऱ्याच्या वाटेवरून पडते. म्हैसूर संस्थानाच्या पठारावरून येणाऱ्यास कड्यालगतचे जोग गाव लागे. समुद्रमार्गे येणारा होन्नावरला उतरून नदीकाठाने वर निघे. त्याच्या वाटेवरील नामांकित ठिकाण म्हणजे गेरसप्पा. धबधबा तेथून कित्येक मैल दूर. तरीही उत्तर कानडा जिल्हा मुंबई इलाख्यात असल्याने तेथील सरकारी लिखाणात हेच नाव रूढ झाले.

त्या गावाचा लौकिकही मोठाच होता. सोळाव्या शतकात तेथे जैन राणी चेन्नभैरादेवी राज्य करीत होती. तिच्या राज्यातून होणाऱ्या मिरीच्या व्यापारामुळे पोर्तुगीज तिला ‘मिरीची राणी’ म्हणत. तेथील चतुर्मुख बसदी आजही उभी आहे.

प्रपाताच्या चार धारांचीही नावे निराळी: राजा, राणी, रोअरर आणि रॉकेट. त्यांपैकी राणीला युरोपीय लोक ‘दाम ब्लांश’, म्हणजे शुभ्रवसना, असेही म्हणत. नावांची ही सरमिसळ पाहता जुना उल्लेख वाचताना गावाआधी नदी कोणती हे पाहावे. गेरसप्पा गावात जाऊन धबधबा शोधणाऱ्यास शरावतीचे संथ पात्र तेवढे दिसेल.