शब्द डॉक्टरांचे, भाषा आपली

अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यात मी रुग्णालयांमध्ये मराठी आणि गुजराती दुभाषी म्हणून काम करते. इंग्रजी न येणाऱ्या रुग्णाला विनामूल्य प्रशिक्षित दुभाषी देणे हे सरकारी निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर तेथील कायद्याने बंधनकारक आहे. रक्तदाब आणि मधुमेहाची भाषांतरे अंगवळणी पडतात. कर्करोगाचे निदान सांगितले जात असताना मध्ये बसणे मात्र वेगळे असते. वाक्य डॉक्टरांचे असते, पण रुग्णाच्या कानावर पडतो तो माझा आवाज. अशा वेळी खरेपणा राखायचा की करुणा, असा प्रश्न मला पुष्कळ जण विचारतात. त्याचे उत्तर एका प्रसंगातून सांगणे सोपे जाईल. रुग्णाची ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.

सांगलीकडचे एक वयोवृद्ध आडत व्यापारी मुलाकडे आले होते. सगळे त्यांना अण्णा म्हणत. डोळे पिवळे झाले, भूक गेली, म्हणून तपासण्या केल्या. स्वादुपिंडात कर्करोग निघाला आणि तो यकृतापर्यंत पोहोचला होता. अहवाल सांगण्याच्या दिवशी मुलाने मला खोलीबाहेर गाठले. "ताई, अण्णांना कॅन्सर हा शब्द कळू देऊ नका. कावीळ आहे, औषधं चालू आहेत, एवढंच सांगा. ते खचतील."

ही विनंती प्रेमातून येते, हे मी जाणते. परंतु ती मान्य करणे माझ्या हाती नसते. डॉक्टर एक बोलतील आणि मी दुसरेच सांगेन, तर त्या खोलीतल्या कोणाचाच कोणावर विश्वास राहणार नाही. शस्त्रक्रियेच्या किंवा औषधाच्या संमतीपत्रावर अण्णांनी केलेली सहीसुद्धा पोकळ ठरेल. मी त्यांना म्हटले, "दादा, जे बोललं जाईल ते मला सांगावंच लागेल. पण तुमची काळजी मी आत्ताच, तुमच्यासमोर, डॉक्टरांच्या कानावर घालते." डॉक्टरांनी सारे शांतपणे ऐकून घेतले. त्या मुलाला म्हणाल्या, "मी त्यांच्यावर माहिती लादणार नाही. किती ऐकायचं ते आधी त्यांनाच विचारीन. मात्र त्यांनी विचारलं, तर खोटं बोलणार नाही."

वाईट बातमी सांगण्याची 'स्पाइक्स' नावाची सहा पायऱ्यांची पद्धत २००० साली प्रसिद्ध झाली. निवांत जागी बसणे, रुग्णाला काय ठाऊक आहे ते विचारणे, त्याला किती जाणून घ्यायचे आहे ते विचारणे, मग माहिती देणे, त्याच्या भावनांना जागा देणे आणि शेवटी पुढचा मार्ग ठरवणे, असा तिचा क्रम आहे. मुलाचा पेच सोडवते ती तिसरी पायरी. कारण सत्य सांगावे की लपवावे, हा निर्णय ती मुलाकडून आणि डॉक्टरांकडून काढून ज्याचा देह आहे त्याच्या हाती देते. 'मला ऐकायचं नाही, मुलाला सांगा' असे म्हणण्याचाही त्याला अधिकार असतो.

आत जाण्यापूर्वी मी डॉक्टरांना एकच विनंती केली : दोन वाक्यांनंतर थांबा. लांबलचक बोलण्याचे भाषांतर करताना काहीतरी गळते आणि बहुधा जड शब्दच गळतो. मी अण्णांच्या बाजूला, किंचित मागे बसले, म्हणजे डॉक्टर माझ्याकडे न पाहता त्यांच्याकडे पाहून बोलतील.

डॉक्टरांनी विचारले, "तुमच्या आजाराविषयी सगळं तुम्हाला सांगू, की मुलाशी बोलू?" अण्णा काही क्षण गप्प राहिले. मग म्हणाले, "वखारीत माल किती शिल्लक आहे ते कळल्याशिवाय मी कधी सौदा केला नाही. सांगा." मुलाने मान खाली घातली.

इथून पुढे प्रत्येक शब्द तोलावा लागतो. डॉक्टर 'आय अ‍ॅम सॉरी' म्हणाल्या. याचे भाषांतर 'मला क्षमा करा' असे केले, तर डॉक्टरांच्या हातून काही चूक झाली असे वाटते. मी म्हटले, "हे सांगताना मला फार वाईट वाटतं आहे." 'पॉझिटिव्ह' हा शब्द तर मी तसाच कधीच ठेवत नाही, तपासणी पॉझिटिव्ह आली म्हणजे चांगली आली, असे समजून हसलेले लोक मी पाहिले आहेत. "तपासणीत कर्करोग आढळला आहे," असे मी स्पष्ट सांगते. नुसते 'गाठ' म्हटले तर ती साधीही असू शकते, असा अर्थ उरतो.

सर्वांत अवघड जोडी 'ट्रीटेबल' आणि 'क्युरेबल' यांची. डॉक्टर म्हणाल्या की रोगावर उपचार करता येतील, पण तो बरा करता येणार नाही. आपल्याकडे 'उपचार आहे' हे शब्द ऐकले की मन 'बरे होईल' असेच ऐकते. म्हणून दोन्ही भाग सारख्याच आवाजात, एकही न दडपता सांगावे लागतात : "औषधाने हा रोग काही काळ रोखून धरता येईल. तो पूर्ण जाणार नाही." दुसरे वाक्य पुटपुटले, तर शब्द खरे राहूनही भाषांतर खोटे होते.

त्यानंतर खोलीत शांतता पसरली. अशा शांततेत 'काळजी करू नका, सगळं ठीक होईल' असे काहीतरी भरण्याचा मोह फार होतो. पण ते डॉक्टर बोललेल्या नसतात. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने अण्णांनीच विचारले, "किती दिवस?" मीही तितक्याच थोड्या शब्दांत ते इंग्रजीत विचारले. उत्तर आले, "नेमकं कोणालाच सांगता येत नाही. पण वर्षं नाहीत, महिने धरून चालावं." तेवढेच मी सांगितले, सावकाश, त्यांना 'तुम्ही' म्हणत, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे तसे. आशय डॉक्टरांचा असतो, त्यात मला भर घालता येत नाही की घट करता येत नाही. शब्दाची निवड, आवाजाची पट्टी आणि दोन वाक्यांमधला थांबा मात्र माझ्या हाती असतो. करुणेला जागा तिथेच आहे आणि ती पुरेशी असते.

शेवटी डॉक्टरांनी अण्णांना जे समजले ते त्यांच्या शब्दांत सांगायला लावले. भाषांतर पोहोचले की नाही याची हीच खरी परीक्षा. अण्णा म्हणाले, "कॅन्सर यकृतात गेलाय. तो जायचा नाही. नळी घातली की कावीळ उतरेल, अंगात जरा जोर येईल. तेवढ्यात मला गावी जायचंय. धाकट्या भावाशी दुकानाच्या वाटणीचं बोलणं राहिलंय." त्या बोलण्यात एकही गैरसमज नव्हता. पित्तनलिकेत नळी बसवून, प्रवासाला बळ आल्यावर त्यांना सांगलीला न्यायचे ठरले. कावीळ म्हणून भुलवले असते, तर नळीनंतरही ते बरे होण्याची वाट पाहत मुलाकडेच राहिले असते.

आपल्या गावातल्या रुग्णालयातही डॉक्टर निम्मे इंग्रजीत बोलतात आणि घरातला शिकलेला मुलगा किंवा सून दुभाष्याचे काम करते. शक्यतो हे काम सख्ख्या मुलावर टाकू नये. त्याला स्वतःला रडायची मोकळीक हवी असते. भाचा, पुतण्या, दुकानातला जाणता माणूस बरा. लहान नातवंडांना तर मुळीच मध्ये बसवू नये. जो कोणी बसेल त्याने डॉक्टरांना आधी एवढेच सांगावे : किती ऐकायचे आहे, हे पहिल्यांदा यांना विचारा.